भांडण खरं वाटतं, मग मैत्री का वाटत नाही?

*‘मी एक लघुकथा लिहिली आहे. एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोघीजणी. एक दिवसपाळीला जाते, दुसरी रात्रपाळीला. गाठ पडत नाही, म्हणून सगळं बोलणं स्टिकी नोट्सवर. न घासलेल्या पातेल्यावरून सुरुवात होते, मग गजर, मग दाराची कडी, असं करत भांडण पेटत जातं. शेवटी रात्रपाळीवाली तापाने फणफणते, दुसरी तिची सेवा करते आणि दोघी मैत्रिणी होतात. चौघांना वाचायला दिली. सगळे म्हणतात, भांडण झकास, शेवट मात्र ओढूनताणून आणलेला. मधे थोडं निवेदन घालून त्यांच्या मनातलं सांगू का? की आजारपण आणखी गंभीर करू? कथा सोबत पाठवते आहे.’*
*एक वाचक*

निवेदन घालू नका आणि ताप आहे त्याहून वाढवूही नका. उलट तो काढूनच टाका. तुमची कथा दोनदा वाचली. भांडणाच्या चिठ्ठ्या खरंच चांगल्या उतरल्या आहेत, आणि शेवटासाठी लागणारं सगळं त्यांच्यातच पडून आहे. तुम्ही ते उचललेलं नाही, एवढंच.

आधी तापाबद्दल. घरात कुणी तापाने फणफणत असेल तर पाण्याचा पेला कुणीही नेऊन देईल. शेजारीण देईल, पहिल्यांदाच दारात आलेला माणूसही देईल. त्यासाठी आधी महिनाभर पातेल्यावरून भांडलेलं असायची गरज नाही. म्हणजे तुमच्या शेवटाला या दोघी लागत नाहीत आणि त्यांचं भांडणही लागत नाही. वाचणाऱ्यांना ‘ओढूनताणून’ वाटलं ते यामुळे. आणखी एक अडचण आहे. एक आजारी आणि दुसरी उशाशी, म्हणजे दोघी एका खोलीत आल्या. मग चिठ्ठी कोण कुणाला लिहिणार? तुमच्या कथेत ती कपाळावर पट्टी ठेवते आणि लगेच बाहेर येऊन फ्रिजवर चिठ्ठी लावते, ‘आता बरं वाटतंय का?’ हे तिने तोंडाने विचारलं असतं. वाचक तिथे अडखळतो, आणि एकदा अडखळला की पुढच्या चिठ्ठ्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

आता तुमच्या मनात जे गृहीत आहे त्याकडे येते. तुम्ही धरून चालला आहात की भांडण हा कथेचा एक भाग, मैत्री हा दुसरा, आणि एकातून दुसऱ्यात जायला बाहेरून काहीतरी घडावं लागतं. पण तुमचीच ही चिठ्ठी पाहा: ‘तुमचा गजर सहा ते साडेसहापर्यंत पाच वेळा वाजतो.’ हे लिहिणारी बाई पाचही वेळा जागी होती आणि मोजत होती. नेमकी तक्रार करायची तर समोरच्याकडे फार बारकाईने लक्ष द्यावं लागतं. एकमेकींचा चेहरा न पाहिलेल्या या दोघींना एकमेकींची झोप माहीत आहे, अंघोळीची वेळ माहीत आहे, सुट्टीचा वार माहीत आहे. कामावरच्या बरोबरच्या लोकांना यांच्याबद्दल एवढं ठाऊक नसेल. मैत्री या माहितीतूनच निघायला हवी. तुमच्या मसुद्यात ही माहिती फक्त एकमेकींना टोचण्यासाठी वापरली आहे, आणि ऐन वेळी ती बाजूला ठेवून तुम्ही तापाला बोलावलंत.

म्हणून मी तुमच्याच वस्तू घेऊन, म्हणजे पातेलं, गजर आणि कडी, एक आराखडा करून पाहिला. तो तसाच घ्या असं मी म्हणत नाही. जोड कुठे बसतो ते त्यात दिसावं, इतकंच. दिवसपाळीवाली आधी लिहिते.

‘वापरलेली भांडी लगेच घासून ठेवावीत.’

‘पातेलं भिजत घातलं होतं.’

‘भिजायला दोन दिवस लागत नाहीत.’

‘तुमचा गजर सहा ते साडेसहा पाच वेळा वाजतो. मी सहाला आडवी होते.’

‘तुम्ही आलात की कडी आपटता. मी पावणेसहालाच उठते. सहाला मी अंघोळीला असते. गजर बंद करायला खोलीत कोण असणार?’

‘रोज कडीनेच उठता, तर गजर लावताच कशाला?’

‘तुमच्या सुट्टीच्या दिवशी कडी वाजत नाही.’

इथे थांबा. सहाव्या चिठ्ठीतला प्रश्न विचारला गेला तो चिडून, पण त्याला खरं उत्तर आहे. आणि सातव्या चिठ्ठीत ते उत्तर देताना दिवसपाळीवालीकडून एक गोष्ट निसटते. जिचा त्रास होतो म्हणून ती ओरडते आहे, त्याच कडीवर तिची सकाळ उभी आहे. तिने प्रेमाचा एक शब्द लिहिलेला नाही. तरी वाचकाला कळतं, आणि पलीकडच्या बाईलाही कळतं. कथा वळते ती इथे, आणि त्यासाठी बाहेरून काहीही आणावं लागलं नाही. पुढची चिठ्ठी तुमच्या मसुद्यात माफीची आहे. मी माफी काढून टाकली:

‘पुढची सुट्टी गुरुवारी.’

‘गुरुवारी गजर. बाकी दिवस बंद.’

झाला तह. ‘सॉरी’ कुणीच म्हटलं नाही. तुमच्या कथेत तो शब्द चार वेळा येतो आणि प्रत्येक वेळी चिठ्ठीतला जोर जातो. माणूस खरंच नमतं घेतो तेव्हा बहुधा नुसती उपयोगाची माहिती देतो. सुट्टीचा वार सांगणं हीच इथे माफी आहे.

पण तह म्हणजे मैत्री नव्हे. इथे कथा संपवली तर दोन समजूतदार भाडेकरूंची गोष्ट होईल, आणि तुम्हाला त्याहून जास्त हवं आहे. तेव्हा आणखी एक गाठ मारायला हवी. ती भांडणातून मारू नका, चांगुलपणातून मारा. कुणीतरी भलं करायला जावं आणि त्यामुळेच घडी विस्कटावी:

‘आज कडी वाजलीच नाही. मला उशीर झाला.’

‘कडीला तेल घातलं. तुमची झोप मोडू नये म्हणून.’

‘मग मी उठणार कशी?’

‘आल्यावर तुमचं दार वाजवेन.’

‘वाजवलं नाहीत.’

‘तीनदा वाजवलं. काय झोपतेस गं!’

‘अजून जोरात वाजव.’

मी इथे थांबले असते. तुम्ही कदाचित दोन चिठ्ठ्या आधी थांबाल किंवा एक पुढे जाल. पण या सात ओळींत काय काय झालं ते सावकाश बघू या, कारण अशी कथा लिहू पाहणाऱ्या इतरांनाही नेमकं हेच अवघड जातं.

आराखड्याच्या सुरुवातीला ‘ठेवावीत’ आहे. कुणी ठेवावीत? कुणीही. ही सोसायटीच्या फलकावरची भाषा झाली. रागावलेला माणूस आधी याच भाषेआड उभा राहतो, कारण तिच्यात समोरच्याचं नाव घ्यावं लागत नाही. मग ‘तुमचा गजर’, ‘तुम्ही आपटता’ असं बोट रोखलं जातं. आणि शेवटी ‘काय झोपतेस गं’. मराठीत लिहिणाऱ्याला हे आयतं मिळालेलं साधन आहे, आणि मसुद्यात तुम्ही ते वापरलेलंच नाही. तुमच्या दोघी पहिल्या चिठ्ठीपासून एकमेकींना ‘तू’ म्हणतात, मध्येच ‘तुम्ही’ होतं, पुन्हा ‘तू’. तुमच्या लक्षातही आलं नसावं. अनोळखी बाईशी कागदावर भांडताना आपण ‘तुम्ही’ची ढाल सोडत नाही, उलट चिडलो की ती आणखी घट्ट धरतो. म्हणून ‘तुम्ही’ शेवटपर्यंत सांभाळा आणि एकदाच सोडा. तो सुटावा तोही ठरवून सुटू नये. ‘आता मी तुला तू म्हणू का’ असं कुणी लिहिलं की सगळं मुसळ केरात. वैतागाच्या किंवा काळजीच्या भरात तो तोंडून निसटावा, आणि समोरचीने त्यावर काहीही न बोलता स्वतःही ‘वाजव’ लिहून टाकावं. दुसरीचा ‘तू’ हा पहिलीच्या ‘तू’ला दिलेला होकार आहे. वाचक तो बरोबर पकडतो.

दुसरं, महत्त्वाची घटना कागदाबाहेर घडली. दार तीनदा वाजलं, आतली उठली नाही, बाहेर रात्रभर काम करून आलेली बाई उभी. पुढच्या एखाद्या दिवशी दार उघडेल आणि दोघी समोरासमोर येतील. हे काहीच दाखवलेलं नाही, आणि म्हणूनच ते वाचकाच्या डोळ्यांपुढे येतं. निवेदन घालायचा तुम्हाला मोह होतो आहे तो इथे आवरा. चिठ्ठ्यांमधून सांगितलेल्या कथेत दोन चिठ्ठ्यांमधली मोकळी जागा वाचकाची असते. तिथे ‘तिच्या मनात कालवाकालव झाली’ असं एक वाक्य घातलंत, की वाचक स्वतःचं काम थांबवून तुमची वाट बघू लागतो. मग पुढच्या प्रत्येक वळणाला तुम्हाला सांगत बसावं लागेल. निवेदनाची कथाही चांगली होऊ शकते, पण ती वेगळी कथा. तिच्यात पातेलं आणि कडी इतकी जागा अडवणार नाहीत.

तिसरी गोष्ट या प्रकारातली मूळची अडचण आहे. चिठ्ठ्या आहेत, कारण दोघी भेटत नाहीत. मैत्री झाली की त्या भेटणार, बोलणार आणि चिठ्ठ्या बंद पडणार. म्हणजे कथेचं साध्य गाठलं की तिचं माध्यमच संपतं. म्हणून शेवट नेमका त्या उंबरठ्यावर हवा, जिथे पुढचं बोलणं आता तोंडाने होईल हे कळतं पण अजून झालेलं नाही. तुमचा मसुदा उंबरठा ओलांडून आणखी पाच चिठ्ठ्या चालतो. त्या पाचही चिठ्ठ्यांत दोघी आपल्या मैत्रीबद्दल बोलतात. पाचही काढा.

वाढत्या भांडणाबद्दलही एक बोलायला हवं. पेटत जाणं म्हणजे आवाज चढत जाणं, असं तुम्ही धरलं आहे. त्यामुळे मधल्या चिठ्ठ्यांत उद्गारचिन्हं वाढतात, शब्द जाडे होतात, पण नवं काही कळत नाही. प्रत्येक चिठ्ठीने समोरच्यावर वार करताना लिहिणारीबद्दल एक तरी नवी गोष्ट उघड करायला हवी. ‘भिजायला दोन दिवस लागत नाहीत’ या ओळीतून कळतं की ही बाई दोन दिवस ते पातेलं पाहत होती आणि तिने हात लावला नाही. हा चढ आहे. ‘किती घाणेरडं राहता तुम्ही!!’ हा नुसता आरडाओरडा. तुमच्या एकेका चिठ्ठीपुढे पेन्सिलीने लिहून पाहा, हिच्यातून मला काय नवं कळलं. जिच्यापुढे जागा कोरी राहील ती काढून टाकली तरी कथेचं काही अडणार नाही.

आणि एक चिठ्ठी अशी आहे जिच्यामुळे शेवट कितीही चांगला केलात तरी वाचणारे तो मान्य करणार नाहीत. ‘घरी कुणी काही शिकवलेलं दिसत नाही.’ भांडी, गजर, कडी या वस्तू आहेत, त्यांच्यावरून झालेलं भांडण मिटतं. आईवडील काढले की ते दुसऱ्याच ठिकाणी जाऊन लागतं. तुमच्या कथेत याला लगेच उत्तर येतं, तितकंच खमंग, आणि गाडी पुढे जाते. खरं माणूस इथे गप्प होईल. ही चिठ्ठी काढा, किंवा ठेवायचीच असेल तर तिची किंमत मोजा. त्यानंतर चार दिवस एकही चिठ्ठी नको. तारखा तुम्ही दिलेल्याच आहेत, फक्त मधल्या चार गाळा. मग लिहिणारीनेच येऊन ती चिठ्ठी काढलेली असावी, आणि त्याबद्दल पलीकडून एवढंच यावं: ‘वाचली होती.’ हे करायची तयारी असेल तर कथा जास्त खोल जाईल. नसेल तर माझा कौल काढून टाकण्याकडे आहे. या लांबीच्या कथेला एवढी जखम पेलत नाही.

आता थोडं कागदाबद्दल, कारण तुमच्या शेवटच्या चिठ्ठीत जवळपास दीडशे शब्द आहेत. नेहमीची पिवळी स्टिकी नोट साधारण तीन इंच लांब आणि तीन इंच रुंद असते. उभ्याने वाचता येईल अशा अक्षरात तिच्यावर पंचवीस-तीस शब्द मावतात, फार तर चाळीस. तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या कागदावर खऱ्या पेनाने लिहून काढा. ज्या मावणार नाहीत त्या तुम्ही लेखिका म्हणून लिहिल्या आहेत, त्या बाईने लिहिलेल्या नाहीत. अपवाद करायचाच तर एकदा करा आणि त्याचाही उपयोग करून घ्या. एका कागदावर राग मावला नाही म्हणून दुसरा चिकटवावा लागला, आणि वर ‘मागील चिठ्ठीवरून पुढे’ असं लिहावं लागलं, तर त्या रागाची लांबी डोळ्यांना दिसते.

या कागदाचा डिंक मुद्दाम कच्चा असतो. ३एम कंपनीतले रसायनतज्ज्ञ स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये भक्कम चिकटणारा पदार्थ शोधत होते, हाती लागला तो हलका चिकटणारा आणि सहज सुटणारा. पुढे त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातून खुणेचे कागद निसटतात म्हणून त्याचा उपयोग सुचला, आणि १९८० मध्ये या नोट्स अमेरिकेत सगळीकडे विकायला आल्या. तुम्हाला यातलं कामाचं एवढंच, की चिठ्ठी काढता येते आणि परत लावता येते. पत्रात किंवा मोबाइलवरच्या निरोपात ही सोय नाही. कुणाची चिठ्ठी कुणी काढली, कोणती तीन दिवस तशीच राहिली, पातेल्याबद्दलची चिठ्ठी थेट पातेल्यालाच लावली की फ्रिजवर, हे सगळं तुम्ही चिठ्ठीच्या वर एका छोट्या ओळीत सांगू शकता: ‘फ्रिजवर’, ‘गजराच्या घड्याळावर’, ‘आधीच्याच चिठ्ठीखाली’. तेवढं निवेदन चालेल. ओल्या भिंतीवरून चिठ्ठी गळून पडणंही चालेल, पण ते भांडण वाढवायला वापरा. गैरसमज योगायोगाने झाला तर वाचक खपवून घेतो. समेट योगायोगाने झाला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण वाचणारा नक्की विचारेल. या दोघी मोबाइलवर का लिहीत नाहीत? तुमच्या कथेत त्याचं उत्तर नाही. लांबलचक कारण नको. दोघींना फ्लॅट वेगवेगळ्या वेळी एजंटाने मिळवून दिला, एकमेकींचा नंबर घेतलाच नाही, आणि भांडण सुरू झाल्यावर मागणार कोण? एका चिठ्ठीत ‘तुमचा नंबर माझ्याकडे नाही’ आणि उत्तरात ‘नकोच’ असं आलं की काम झालं. पुढे कधीतरी एखादीने आपणहून चिठ्ठीच्या कोपऱ्यात नंबर लिहिला, तर तेही शेवटाकडचं एक पाऊल होईल. पण मग दाराचं वाजवणं आणि नंबर यांतलं एकच ठेवा. मला दार जास्त आवडतं, कारण ते कडीतून निघालं आहे.

राहिले आवाज. छापील कथेत हस्ताक्षर दिसत नाही, आणि प्रत्येक चिठ्ठीखाली नावं घातली की ते नाटकाच्या संहितेसारखं दिसतं. तुमच्या दोघी सध्या अगदी एकसारखं लिहितात. दिवसपाळीवालीला पूर्ण वाक्यं आणि नियम द्या, रात्रपाळीवालीला वेळा आणि आकडे. ती थकून आलेली असते, कमी लिहील. आणि शेवटाकडे त्यांची थोडी अदलाबदल होऊ द्या. वरच्या आराखड्यात ‘गुरुवारी गजर. बाकी दिवस बंद.’ हे दिवसपाळीवालीने लिहिलं आहे, पण वाक्य दुसरीच्या धाटणीचं आहे.

नवा मसुदा झाला की कथा माहीत नसलेल्या कुणाला तरी नावांशिवाय द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा, दोन आवाजांत. कुठली चिठ्ठी कुणाची हे ज्या ठिकाणी ते चुकतील तिथे खूण करा. त्या चिठ्ठ्या आधी दुरुस्त करा, शेवटाला हात त्यानंतर लावा.